फ्लॅट विकण्याआधी सोसायटीला द्यायचा अर्ज

फ्लॅटला ग्राहक मिळाला, भाव ठरला, टोकन हातात आलं की एजंट विचारतो, "सोसायटीची एनओसी मिळेल ना?" विकणाऱ्यांपैकी बहुतेकांची समजूत अशी असते की सोसायटीच्या परवानगीशिवाय घर विकताच येत नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी मात्र वेगळं सांगतात. उपविधी क्रमांक ३८ प्रमाणे भाग आणि हितसंबंध दुसऱ्याच्या नावे करायला संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागत नाही. विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ते हवं असेल, तर त्यानं अर्ज करायचा आणि कमिटीनं महिन्याभरात त्यावर निर्णय घ्यायचा.

मग एवढी धावपळ कशासाठी? खरेदीदाराच्या बँकेसाठी. गृहकर्ज देणाऱ्या बँकेला तीन गोष्टींची खात्री हवी असते: विकणारा माणूस सोसायटीच्या दप्तरी सभासद आहे, त्याच्याकडे थकबाकी नाही, आणि फ्लॅट गहाण ठेवायला सोसायटीची हरकत नाही. बँकेचा बोजा सोसायटीनं आपल्या नोंदवहीत नोंदवावा, असंही त्या पत्रात लिहून मागितलं जातं. प्रत्येक बँकेचा मजकूर थोडा वेगळा असतो. म्हणून अर्ज करण्याआधी खरेदीदाराकडून त्याच्या बँकेचा नमुना मागून घ्यावा. सेक्रेटरीनं स्वतःच्या शब्दांत दिलेलं पत्र बँकेनं परत पाठवलं, तर पुढच्या सभेपर्यंत थांबावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर एक वन बीएचके आहे. १९९८ साली पती-पत्नी दोघांच्या नावे घेतलेला. पती वारले, पत्नीला आता मुलीजवळ राहायला जायचं आहे. त्यांचा अर्ज साधारण असा असेल:

"मा. सचिव यांस,
विषय: फ्लॅट विक्रीसाठी ना हरकत प्रमाणपत्र मिळण्याबाबत.
मी आपल्या संस्थेची सभासद असून वरील फ्लॅट सोबत नमूद केलेल्या खरेदीदारास विकण्याचे ठरवले आहे. खरेदीदार गृहकर्ज घेणार असल्याने त्यांच्या बँकेच्या नमुन्यात ना हरकत प्रमाणपत्र हवे आहे. आजपर्यंतची सर्व देयके भरली आहेत. हा अर्ज कमिटीच्या येत्या सभेपुढे ठेवावा, ही विनंती.
सोबत:
१. शेअर सर्टिफिकेटची प्रत, दोन्ही बाजूंची
२. नोंदणीकृत खरेदीकरार व इंडेक्स-२ यांच्या प्रती
३. शेवटचे मेंटेनन्स बिल व भरल्याची पावती
४. हस्तांतरणाची विहित नमुन्यातील सूचना व खरेदीदाराचे संमतीपत्र
५. दोघांच्या ओळखपत्रांच्या व पॅन कार्डांच्या प्रती
६. बँकेचा एनओसीचा नमुना
७. जुने कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र"

पत्र छोटं आहे, पण कोणतंही काम अडतं ते या यादीतल्या कागदांवर.

पहिल्याच कागदाकडे पाहा. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला तक्ता असतो. सभासद बदलला की नव्या सभासदाचं नाव, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या त्यात येतात. म्हणून झेरॉक्स दोन्ही बाजूंची द्यायची. डोंबिवलीच्या उदाहरणात पुढच्या बाजूला पतीचं नाव पहिलं आहे आणि मागचा तक्ता कोरा आहे. अशा स्थितीत एनओसीचा अर्ज करून उपयोग नाही, कारण दप्तरी मृत व्यक्तीचा हिस्सा तसाच आहे. पत्नीचं नाव नॉमिनी म्हणून असलं, तरी तेवढ्यानं तो हिस्सा विकायचा पूर्ण हक्क त्यांना मिळत नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनं नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व दिलं आहे. मालकीचा प्रश्न वारसांचा राहतो. इथे मुलगा आणि मुलगी यांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, त्यावरून सोसायटीनं आईचं नाव लावायचं आणि त्यानंतर विक्रीचा अर्ज करायचा. हे काम ग्राहक शोधण्याआधीच उरकलं, तर टोकन घेतल्यावर मुदतीची टांगती तलवार राहत नाही.

अर्जाला झेरॉक्स पुरतात. मूळ शेअर सर्टिफिकेट या टप्प्यावर सोसायटीकडे देऊ नये. व्यवहार मोडला, तर ते परत मिळवणं ही विनाकारण डोकेदुखी होते.

दुसरी अडचण थकबाकीची. मेंटेनन्स नियमित भरणाऱ्यांच्याही खात्यावर मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीचा हप्ता किंवा उशिराचं व्याज राहिलेलं असतं. उदाहरणातल्या इमारतीला रंग आणि वॉटरप्रूफिंगसाठी सर्वसाधारण सभेनं फ्लॅटमागे ४०,००० रुपये ठरवले, चार हप्त्यांत. विकणाऱ्या बाईंनी तीन भरले. चौथ्याची तारीख अजून यायची आहे. बिलात बाकी शून्य दिसते, पण कमिटीच्या हिशेबी १०,००० रुपये येणं आहेत. म्हणून अर्जाआधी खजिनदाराकडून खातेउतारा घ्यावा आणि पुढचा हप्ता कोण भरणार, हे खरेदीदाराशी करारातच लिहून ठेवावं. एखादी रक्कम मान्य नसेल, तर "हक्क राखून भरत आहे" असं लेखी कळवून ती भरता येते. व्यवहार थांबत नाही आणि तक्रारीची वाटही मोकळी राहते.

तिसरी गोष्ट पैशांची मागणी. हस्तांतरण फी ५०० रुपये, नव्या सभासदाची प्रवेश फी १०० रुपये आणि सर्वसाधारण सभेनं ठरवलेलं प्रीमियम, एवढंच सोसायटी घेऊ शकते. ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकाप्रमाणे महापालिका क्षेत्रात प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. डोंबिवली कल्याण-डोंबिवली महापालिकेत येते, तेव्हा तिथे सगळं मिळून २५,६०० रुपयांच्या वर जाता येत नाही. देणगी, विकासनिधी किंवा दुसऱ्या कोणत्याही नावाखाली जादा रक्कम मागायला उपविधींत बंदी आहे. शिवाय ही रक्कम सभासदत्व बदलताना द्यायची असते. एनओसी हातात देण्याची किंमत म्हणून नाही.

अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यावी. ही पोच फार कामाची असते, कारण कमिटीचा एक महिना तिच्यावरच्या तारखेपासून मोजता येतो. सेक्रेटरी पोच देत नसेल, तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवावा. महिना उलटला आणि उत्तर नाही, किंवा खरेदीदार एकटा राहतो, मांसाहारी आहे असल्या कारणानं नकार मिळाला, तर लेखी कारण मागून उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

जमीन म्हाडाची, सिडकोची किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली असेल, तर तपास आणखी एक करावा लागतो. तिथे त्या त्या कार्यालयाची वेगळी परवानगी किंवा हस्तांतरण शुल्क लागू शकतं, आणि सोसायटीची एनओसी त्याची जागा घेत नाही.

एनओसी मिळाली, कर्ज मंजूर झालं, करार नोंदवला की सोसायटीकडे दुसरा संच जातो: मूळ शेअर सर्टिफिकेट, विकणाऱ्याचा राजीनामा, खरेदीदाराचा सभासदत्वाचा अर्ज, नोंदणीकृत कराराची प्रत आणि फी. त्याचीही पोच घ्यायची. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीनं निर्णय कळवला नाही, तर सहकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे खरेदीदार सभासद झाला असं मानलं जातं.