कार्डावरचं पद आणि ठरावातले अधिकार

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री. कुटुंबाची असली तरी कागदोपत्री पब्लिक लिमिटेड आणि शेअर बाजारात नोंद नसलेली. नव्या भट्टीसाठी भागधारकांकडून पैसे घेतले आणि भरणा झालेलं भांडवल ८ कोटींवरून १२ कोटींवर गेलं. १० कोटींची रेषा ओलांडली की कंपनी कायदा, २०१३ चं कलम २०३ लागू होतं. म्हणजे पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी हवा, मुख्य वित्तीय अधिकारी हवा आणि सर्वांत वर व्यवस्थापकीय संचालक, सीईओ किंवा व्यवस्थापक यांपैकी कुणीतरी हवा. यांतलं कुणीच नसेल तर पूर्णवेळ संचालक. कायदा यांना प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी म्हणतो. सेक्रेटरी आणि वित्त अधिकारी नेमणं सोपं गेलं. वरची जागा कुणाची, हे ठरवताना मात्र जुनी दप्तरं उघडावी लागली.

थोरल्या काकांच्या कार्डावर बरीच वर्षं ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ छापलेलं होतं. इतिवृत्तात त्यांच्या नावाचा एकच ठराव सापडला: चेकवर आणि शेअर सर्टिफिकेटवर सही करण्याचा. कायद्याची व्याख्या इथे अगदी नेमकी आहे. व्यवस्थापकीय संचालकाकडे कंपनीच्या कारभाराचे ‘भरीव अधिकार’ सोपवलेले असावे लागतात. ते नियमावलीतून, करारातून, सर्वसाधारण सभेच्या किंवा संचालक मंडळाच्या ठरावातून येतात. चेक काढणं, शेअर सर्टिफिकेटवर सही करणं असल्या नेहमीच्या कामांचे अधिकार त्यात धरायचे नाहीत, असं स्पष्टीकरण व्याख्येतच जोडलेलं आहे. काकांच्या सहीला बँकेत वजन होतं, पण ठरावाने त्यांना दिलेलं एवढंच होतं.

मग कारभार कोण चालवत होतं? अशा वेळी मी पदनामं बाजूला ठेवते आणि फायली बघते. मोठ्या खरेदीला मंजुरी कुणाची, बँकेशी कर्जाच्या अटी कोण ठरवतं, युनियनबरोबरच्या पगारकरारावर शेवटचा शब्द कुणाचा. तिन्ही ठिकाणी एकच नाव आलं, जनरल मॅनेजर साहेबांचं. ते संचालक नव्हते, पगारी इंजिनिअर होते. कायद्यातल्या व्यवस्थापकाला संचालक असावं लागत नाही. मंडळाच्या देखरेखीखाली कंपनीचा सगळा किंवा जवळजवळ सगळा कारभार ज्याच्या हाती आहे तो व्यवस्थापक, मग पदाचं नाव काहीही असो. नुसता एखादा प्लांट किंवा विक्री विभाग सांभाळणारा मॅनेजर या व्याख्येत बसत नाही. हे साहेब बसत होते.

खरी अडचण इथेच होती. कलम १९६ प्रमाणे एका कंपनीत व्यवस्थापकीय संचालक आणि व्यवस्थापक एकाच वेळी ठेवता येत नाहीत. काकांना रीतसर नेमलं आणि साहेबांकडे सगळा कारभार तसाच राहिला, तर नेमणुकीच्या दिवसापासूनच उल्लंघन सुरू. मी दोन्ही वाटा मंडळापुढे मांडल्या. मंडळाने काकांना निवडलं. ठरावात खरेदी, कर्ज, नोकरभरती आणि करार यांचे अधिकार मर्यादांसह लिहिले. साहेबांचं नियुक्तिपत्र बदलून त्यांच्याकडे दोन्ही प्लांटचं उत्पादन ठेवलं. मी आग्रह धरला तो मंजुरीची साखळी खरोखर बदलण्याचा, कारण उद्या चौकशी झाली तर पत्रापेक्षा खरेदी आदेशांवरच्या सह्या बोलतात.

काकांनी सत्तरी ओलांडली होती, त्यामुळे भागधारकांचा विशेष ठराव लागला आणि या वयात त्यांनाच का नेमायचं, याचं कारण सूचनेसोबत द्यावं लागलं. मुदत एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची. शिवाय त्यांचं हे पद संचालकपदावर उभं आहे. पाळीने निवृत्त होताना सभेने त्यांना पुन्हा निवडलं नाही, तर व्यवस्थापकीय संचालकपदही त्याच दिवशी जातं.

राहिला पुतण्या. तो संचालक होता, रोज कारखान्यात येत होता आणि दरमहा पगार घेत होता. पूर्णवेळ संचालकाच्या व्याख्येत अधिकारांचा शब्दही नाही. कंपनीच्या पूर्णवेळ नोकरीत असलेला संचालक, एवढंच त्यात येतं. काकांच्या बरोबरीने तो राहू शकत होता, कारण मनाई फक्त व्यवस्थापकीय संचालक आणि व्यवस्थापक या जोडीला आहे. मात्र त्याची नेमणूकही मंडळाच्या बैठकीत आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत मंजूर व्हायला हवी होती आणि नेमणुकीपासून ६० दिवसांत MR-1 भरायला हवा होता. यातलं काहीच झालेलं नव्हतं. “मी तर फक्त उत्पादन बघतो,” असं तो म्हणाला. मी त्याला कलम २ मधली ‘कसूरवार अधिकारी’ ही व्याख्या वाचायला दिली. कंपनीकडून कसूर झाली तर कुणाला धरायचं याची यादी तिथे आहे आणि त्या यादीत पहिलंच नाव पूर्णवेळ संचालकाचं आहे.