तुमचं स्टॉपवॉच रोज किती चुकतं?

दोस्तांनो, दोन स्टॉपवॉच एकदम सुरू करून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि आठवड्याने बघा. दोघांत काही सेकंदांचा फरक पडलेला दिसण्याची बरीच शक्यता आहे. मग खरं कोण? बहुतेक दोघंही नाहीत! प्रत्येक घड्याळ थोडं पुढे पळतं किंवा थोडं मागे पडतं. ते एका दिवसात किती पुढे जातं किंवा मागे पडतं, त्याला घड्याळाची ‘चाल’ म्हणू या. ही चाल घरबसल्या मोजता येते.

पण काही सेकंदांचं एवढं काय, असं वाटेल. जुन्या काळच्या खलाशांना विचारा! पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी मारते, म्हणजे विषुववृत्तावरची जागा एका सेकंदात सुमारे ४६० मीटर सरकते. भर समुद्रात आपलं जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे, हे खलाशी सूर्य-तारे आणि घड्याळ यांवरून काढत. घड्याळ सहा सेकंद चुकलं, तर विषुववृत्ताजवळ जहाजाची जागा पावणेतीन किलोमीटर चुकायची. वाटेत खडक असला म्हणजे संपलंच!

इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने यासाठी एक नामी घड्याळ बनवलं. १७६१ साली ते जमैकाच्या सफरीवर गेलं. तेही अगदी बिनचूक नव्हतं, दिवसाला सुमारे पावणेतीन सेकंद मागे पडायचं. पण ही चाल निघण्यापूर्वीच मोजून ठेवलेली होती. ८१ दिवसांनी तेवढा हिशेब वजा केल्यावर चूक उरली फक्त पाच सेकंदांची! मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली, तीही ताऱ्यांच्या वेधांबरोबर अचूक वेळ ठेवण्यासाठीच. म्हणजे घड्याळ थोडं चुकलं तरी चालतं, फक्त ते किती चुकतं हे आधी ठाऊक हवं.

आता आपल्या स्टॉपवॉचकडे वळू. त्याच्या पोटात क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि तेवढी कंपनं मोजली की आतलं यंत्र म्हणतं, ‘एक सेकंद झाला.’ स्फटिक सेकंदाला एक तृतीयांश कंपन जरी जास्त थरथरला, तरी घड्याळ दिवसाला जवळजवळ ०.८८ सेकंद पुढे जातं.

ही चूक पकडायला खऱ्या वेळेची खूण हवी. पूर्वी आकाशवाणीवर बातम्यांआधी बीप वाजायचे आणि घरोघरी त्यावर घड्याळं लावायचे. आज time.is सारख्या पानावरही अचूक वेळ दिसते. समजा, खूण सात वाजल्याची आहे. तेव्हा बटण दाबून स्टॉपवॉच सुरू केलं आणि एका मिनिटाने पाहिलं, तर चाल कळेल का?

नाही कळणार! कारण आपलं बोट. सुरुवातीला आणि शेवटी मिळून बोटाची चूक ०.२ सेकंद झाली असं धरा. एका मिनिटात ०.२ म्हणजे दिवसाच्या हिशेबाने २८८ सेकंद, जवळजवळ पाच मिनिटं! स्फटिकाची इवलीशी चूक त्यात कुठे दिसणार? तासभर थांबलात तर बोटाची तीच चूक दिवसाला ४.८ सेकंदांएवढी होते, पूर्ण दिवस थांबलात तर ०.२ आणि आठवडाभर थांबलात तर फक्त ०.०३. बोटाची चूक वाढत नाही, घड्याळाची मात्र रोज साठत जाते. म्हणून वाट पाहायची.

तर रविवारी सकाळी सातला सुरू करा. आकडा बदलला की दचकून बटण दाबू नका. ५७, ५८, ५९ असा ठेका मनात धरा आणि त्या ठेक्यावर दाबा. ठेक्याने दाबलं की बोट कमी चुकतं. पुढे घड्याळ थांबवायचं मात्र नाही. बहुतेक स्टॉपवॉचना ‘स्प्लिट’चं बटण असतं. ते दाबलं की आकडे गोठतात, पण आत मोजणी चालूच राहते. आकडा वहीत उतरवा आणि पुन्हा तेच बटण दाबा. आधी पाच मिनिटांची रंगीत तालीम करून बघा, कारण चुकून दुसरंच बटण दाबलं की आठवडा वाया!

बरीच स्टॉपवॉच २४ तासांनी पुन्हा शून्यावर येतात. हे आपल्या पथ्यावरच पडतं. रोज सकाळी सातला पडद्यावर जे सेकंद दिसतील, तीच साठलेली चूक. समजा, वहीत असे आकडे आले:

सोमवार ०.८५
मंगळवार १.८०
बुधवार २.५५
गुरुवार ३.५०
शुक्रवार ४.२५
शनिवार ५.२०
रविवार ६.०५

सात दिवसांत ६.०५ सेकंद पुढे. भागिले सात, म्हणजे दिवसाला ०.८६ सेकंद. आकडे थोडे वरखाली आहेत, ती बोटाची करामत. आलेखाच्या कागदावर हे ठिपके मांडा, ते जवळजवळ एका सरळ रेषेत येतील. एखादाच ठिपका बरोबर एक सेकंद वर किंवा खाली उडालेला दिसला, तर त्या दिवशी तुम्ही एक सेकंद आधी किंवा नंतर बटण दाबलंत असं समजा आणि तो ठिपका सोडून द्या.

खूण मात्र रोज एकाच ठिकाणाहून घ्या. रेडिओचा बीप तुमच्यापर्यंत थोडा उशिरा पोचला तरी हरकत नाही. दोन्ही टोकांना उशीर सारखाच असेल तर तो वजाबाकीत उडून जातो. पण पहिल्या दिवशी साधा रेडिओ आणि शेवटच्या दिवशी इंटरनेटवरून ऐकलेला रेडिओ, असं केलंत तर काही सेकंदांचा घोळ होईल. इंटरनेटवरून आवाज बराच उशिरा पोचतो.

घड्याळ ठेवायची जागाही एकच हवी. घड्याळाचा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत जलद थरथरतो. त्याहून गार झाला तरी मंदावतो आणि तापला तरी मंदावतो. दहा अंशांचा फरक पडला की दिवसाला सुमारे ०.३ सेकंद जातात. खिडकीतल्या उन्हात एक दिवस ठेवलंत, तर आलेखातली रेषा तिथे वाकलेली दिसेल. जानेवारीत काढलेली चाल मे महिन्यात पुन्हा तपासावी लागते, ती यामुळेच.

आता शाळेच्या शंभर मीटर शर्यतीत या ०.८६ ची काळजी करायची का? मुळीच नाही. पंधरा सेकंदांत ही चूक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकीही होत नाही. तिथे भांडण झालंच, तर दोष बोटाला द्या, घड्याळाला नव्हे!

जाता जाता एक कोडं. तुमच्या मैत्रिणीने असाच आठवडाभर प्रयोग केला. सातव्या दिवशी तिच्या पडद्यावर २३ तास ५९ मिनिटं ५५ सेकंद दिसले. तिचं घड्याळ पुढे आहे की मागे, आणि दिवसाला किती?

(उत्तर: शून्यावर यायला अजून ५ सेकंद हवेत, म्हणजे घड्याळ मागे आहे. ५ भागिले ७, दिवसाला सुमारे ०.७१ सेकंद.)