एका कारकुनाचे सहा आकडे

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांमध्ये यंदा इंग्लंडमधून एक कथा आली. तिथल्या नगरपालिकेतून निवृत्त झालेला एक मराठी कारकून नोव्हेंबर 1994 पासून, म्हणजे ब्रिटनची नॅशनल लॉटरी सुरू झाली तेव्हापासून, दर शनिवारी तेच सहा आकडे लावतो. 3, 8, 11, 19, 27, 30. घरातल्या सगळ्यांच्या वाढदिवसांच्या तारखा. एका शनिवारी तो आजारी पडतो, तिकीट राहून जातं आणि नेमके त्याच दिवशी ते आकडे निघतात.

कथा नीट लिहिलेली होती. शेवट मात्र आधीच दिसत होता. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

त्या लॉटरीत 49 आकड्यांतून 6 निवडायचे. अशा जोड्या होतात 1 कोटी 39 लाख 83 हजार 816, आणि बक्षीस लागतं एका जोडीला. म्हातारा 21 वर्षं खेळला, साधारण 1,090 शनिवार. इतक्या वर्षांत एकदा तरी त्याचे सहाही आकडे निघण्याची शक्यता तेरा हजारांत एक भरते. आकडे दर आठवड्याला बदलले असते तरी हिशोब तोच राहिला असता, कारण यंत्रातल्या चेंडूंना गेला शनिवार आठवत नाही. आणि न खेळलेल्या त्या एकाच शनिवारी ते निघण्याची शक्यता? पुन्हा 1 कोटी 39 लाखांत एक. कथेत एखादा योगायोग चालतो, पण सगळी कथाच त्याच्यावर टेकवली की ती मोडते.

मग इतकी वर्षं तो खेळतो कशासाठी? सहापैकी तीन आकडे जुळण्याची शक्यता साधारण 57 मध्ये एक असते आणि त्याचे तेव्हा 10 पौंड मिळत. तिकीट एक पौंडाचं, वर्षाला 52 शनिवार. म्हणजे सरासरीने वर्षाकाठी एकदा त्याच्या हातात दहाची नोट येणार. चार आकडे जुळायचे ते हजारात एकदा, म्हणजे वीसेक वर्षांतून एखाद्या वेळी. त्या दिवशी तो बायकोला म्हणणार, ‘‘बघ, जवळ आलंय.’’ जवळ काहीच आलेलं नसतं. पण हे वाक्य ज्याच्या तोंडी येतं, तो पुढची पाच वर्षं खेळतो.

दुसरी गाठ जास्त घट्ट आहे. यंत्राकडून कोणतेही आकडे घेणाऱ्याने एखादा आठवडा सोडला, तर आपलं काय हुकलं हे त्याला कधीच कळत नाही. ठरलेल्या आकड्यांवाल्याला कळतं. पैसे लावले नाहीत तरी आकडे त्याचेच राहतात आणि निकाल वाचल्यावाचून त्याला राहवत नाही. दहा वर्षांनी त्याला खेळण्याची हौस राहिलेली नसते, थांबण्याची भीती असते. (आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या तिकिटावर आकडा आधीच छापलेला असतो, त्यामुळे हा रोग या रूपात जडत नाही.)

बरं, आकडे लागलेच असते तर? सहाही आकडे 31 च्या आत आहेत. वाढदिवस लावणारे पुष्कळ, त्यामुळे वाटेकरीही पुष्कळ. 14 जानेवारी 1995 ला 7, 17, 23, 32, 38, 42 निघाले आणि पहिलं बक्षीस 133 जणांत वाटलं गेलं. प्रत्येकाला 1,22,510 पौंड. हे वाढदिवस नव्हेत. पण कुपनावर पाच-पाचच्या रांगा असायच्या आणि हे सगळे आकडे त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या घरात बसतात. खुणा करताना हात कडेला जात नाही, मध्येच फिरतो.

चेखवने 1887 मध्ये लिहिलेल्या लॉटरीच्या कथेत नवरा-बायकोच्या तिकिटाचा मालिका क्रमांक जुळतो. आतला क्रमांक वाचायचं नवरा मुद्दाम लांबवतो. तेवढ्या वेळात दोघं मनातल्या मनात पैसे खर्च करतात आणि एकमेकांचा द्वेष करू लागतात. शेवटी क्रमांक जुळत नाही, पण तोवर घडायचं ते घडून गेलेलं असतं.

मी लेखकाला कळवलं, आजारपण काढून टाका. तुमच्या कथेचा शेवट लॉटरीवाल्यांनीच लिहून ठेवलाय. ऑक्टोबर 2013 मध्ये तिकीट दोन पौंडांचं झालं. ऑक्टोबर 2015 मध्ये 49 चे 59 आकडे झाले आणि शक्यता साडेचार कोटींत एक, म्हणजे पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाली. तुमच्या माणसाने आयुष्यभर बेरजा तपासल्यात. त्याला नवं कुपन द्या.

महिन्याभराने दुसरा खर्डा आला. म्हातारा दुकानात उभा आहे. नव्या कुपनावरची घरं तो बोटाने शेवटपर्यंत मोजतो, एकोणसाठ. मागे रांग खोळंबलेली. मग तो खिशातून जुनंच पेन काढतो आणि 3 वर खूण करतो.

ही कथा मी घेतली.