तुळशीचा काढा: परंपरा आणि पुरावा

सर्दी-खोकल्यावर मराठी घरांमध्ये तुळस मुख्यतः दोन प्रकारे दिली जाते. लहान मुलांसाठी पाने धुऊन, खलबत्त्यात ठेचून, फडक्यातून रस पिळतात आणि तो चमचाभर मधातून चाटवतात. मोठ्यांसाठी काढा करतात. आठ-दहा पाने, ठेचलेल्या आल्याचा तुकडा, चार मिरी आणि गवती चहाची एखादी पात दोन कप पाण्यात उकळायची, पाणी निम्मे आटले की गाळायचे आणि गूळ घालून गरमगरम प्यायचे. कोणी त्यात ज्येष्ठमधाची कांडी टाकतात, कोणी लवंग-दालचिनी. घराघरात प्रमाण बदलते, पण तुळस, आले आणि मिरी हे त्रिकूट सहसा सुटत नाही.

ही योजना जुनी आहे. चरकसंहितेत तुळस ‘सुरसा’ या नावाने येते आणि खोकला, उचकी, दमा यांवर तिचा उपयोग सांगितला आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने जो काढा सुचवला, तोही याच वळणाचा होता. चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ आणि एक भाग काळी मिरी अशी त्याची भरड होती.

पानात काय असते, हे चांगले माहीत आहे. कृष्ण तुळस असो वा हिरव्या पानांची राम तुळस, पान चुरगळल्यावर येणारा वास त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. या तेलात बहुधा युजेनॉल भरपूर असते. लवंगेला तिचा वास देणारे द्रव्यही हेच. पानात याशिवाय रोझमॅरिनिक आम्ल आणि उर्सोलिक आम्ल असते. प्रयोगशाळेत तुळशीचे तेल काही जिवाणूंची वाढ रोखते आणि पानांचा अर्क सूज कमी करण्याचे गुण दाखवतो. गिनिपिगांवरच्या प्रयोगात तुळशीच्या अर्काने खोकल्याची उबळ कमी झाल्याचेही नोंदले गेले आहे.

मात्र काचेच्या बशीतल्या जिवाणूंवर जे तेल थेट ओतले जाते, त्याचा फारच थोडा अंश कपभर काढ्यात उतरतो. साध्या सर्दीचे कारण तर जिवाणू नसून विषाणू असतात, बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरस. शिवाय काढा करण्याच्या पद्धतीवर बरेच अवलंबून असते. रोझमॅरिनिक आम्ल पाण्यात उतरते, उर्सोलिक आम्ल जवळजवळ उतरत नाही आणि युजेनॉल उघड्या भांड्यात उकळत ठेवले की वाफेबरोबर निघून जाते. स्वयंपाकघरभर तुळशीचा घमघमाट सुटतो तेव्हा तेलाचा मोठा भाग कपाबाहेरच गेलेला असतो. आयुर्वेदात सुगंधी पानांसाठी ‘फांट’ ही वेगळी कृती आहे, तिचे मर्म इथे कळते. उकळते पाणी द्रव्यावर ओतायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे आणि गाळायचे. घरी हेच साधायचे तर आले-मिरी आधी उकळून घ्यावी, गॅस बंद केल्यावर तुळस घालावी आणि पाच-सात मिनिटे झाकण ठेवावे.

माणसांवर झालेल्या अभ्यासांकडे वळले की चित्र बरेच विरळ होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला दिल्लीच्या एम्समधला प्रयोग तुळशीच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. त्यात २४ निरोगी व्यक्तींना चार आठवडे रोज उपाशीपोटी ३०० मिलिग्रॅम अर्काची कॅप्सूल आणि वेगळ्या चार आठवड्यांत तशीच दिसणारी निरौषधी कॅप्सूल दिली. कोणती कॅप्सूल कधी दिली, हे घेणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. अर्काच्या काळात रक्तातल्या प्रतिकारशक्तीशी संबंधित काही पेशी आणि संदेशद्रव्ये वाढलेली दिसली. प्रयोगाची रचना चोख होती. पण त्यातल्या व्यक्ती आजारी नव्हत्या, अर्क मद्यार्कात काढलेला होता आणि सर्दी कमी दिवस टिकली का, हा प्रश्नच त्यात विचारला नव्हता. २०१७ च्या एका आढाव्यात तुळशीवरचे माणसांतले २४ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांतले बहुसंख्य रक्तातली साखर, ताणतणाव अशा विषयांवरचे होते. आठ-दहा पानांचा घरगुती काढा साध्या सर्दीचा काळ कमी करतो, असे दाखवणारी मोठी आणि काटेकोर चाचणी उपलब्ध नाही.

तरीही काढ्याने बरे वाटते, हा अनुभव खोटा नाही. त्याची कारणे कपातल्या इतर गोष्टींत बऱ्यापैकी सापडतात. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात सर्दी झालेल्या ३० जणांवर एक छोटा प्रयोग झाला. फळांच्या अर्काचे एकच पेय काहींना गरम, काहींना खोलीच्या तापमानाचे दिले. नाकातून हवा किती जाते याच्या मोजमापात फरक पडला नाही. मात्र गरम पेय घेणाऱ्यांना वाहते नाक, खोकला, शिंका, घशाची खवखव, थंडी वाजणे आणि थकवा यांत लगेच आराम वाटला. त्या पेयात तुळस नव्हती.

मधाची बाजू आणखी भक्कम आहे. मुलांच्या खोकल्यावर मध देऊन झालेल्या चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की काहीच न देण्यापेक्षा मधाने रात्रीचा खोकला कमी होतो. त्यामुळे तुळशीचा रस मधातून चाटवल्यावर मूल शांत झोपले, तर त्याचे श्रेय आधी मधाला द्यावे लागते. तिसरे कारण काळाचे. साधी सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोरात असते आणि मग आपोआप उतरू लागते. काढा बहुधा याच दिवशी सुरू होतो. तुळशीचा स्वतःचा वाटा किती, हे ठरवायचे तर तुळस असलेला आणि नसलेला, पण चवीला सारखा काढा सर्दीच्या पहिल्याच दिवसापासून दोन गटांना देऊन पाहावे लागेल. अशी चाचणी खर्चिक नाही आणि ती भारतात व्हायलाच हवी.

तोवर दिवसातून एक-दोन कप काढा घ्यायला निरोगी प्रौढांना हरकत नाही. त्रास बहुधा अतिरेकातून होतो. मिरी, सुंठ, दालचिनीचा कडक काढा दिवसातून चार-पाचदा घेतला की छातीत जळजळ सुरू होते. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. तुळशीच्या अर्काने रक्तातली साखर उतरू शकते आणि युजेनॉल रक्त गोठण्याच्या क्रियेत थोडा अडथळा आणते. म्हणून मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना, तसेच गरोदरपणात, अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवू नये. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला स्नायू लुळे पाडणारा बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

काढ्यावर किती दिवस थांबायचे, यालाही मर्यादा आहे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करावी लागते. थुंकीतून रक्त, छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल तर तेवढेही थांबू नये. लहान मुलांत श्वास मोजावा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाच्या हालचालीकडे पाहून मोजणी करतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी मुलाला दवाखान्यात न्यावे.