कॉलवरची शांतता: मित्राचा नकार की नेटवर्कचा लॅग?

समजा, तुम्ही मित्राला कॉलवर विचारलंत, “शनिवारी ट्रेकला येतोस का?” पलीकडून लगेच “हो, येतो की!” आलं तर विषय संपला. पण क्षणभर काहीच आलं नाही, तर तुमच्या मनात येतं, “हा काही येत नाही.” एकही शब्द न ऐकता आपण हे कशावरून ठरवतो? आणि कॉलवर हा अंदाज कधी चुकतो? आज तेच बघूया.

जोडीने येणारी वाक्यं

अमेरिकेत हार्वी सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी लोकांचे रेकॉर्ड केलेले फोन कॉल बारकाईने ऐकून संभाषणाचे नियम शोधले. १९७३ च्या एका लेखात त्यांनी ‘अ‍ॅडजसन्सी पेअर’ ही कल्पना मांडली. आपण तिला ‘लगतची जोडी’ म्हणू. प्रश्न-उत्तर, आमंत्रण-होकार किंवा नकार, अशा या जोड्या. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्ससारखं वाटतं. पहिला भाग बोलला गेला की दुसऱ्याची वाट बघणं सुरू होतं. तो आला नाही, तर ते न येणंसुद्धा लक्षात येतं.

पण आमंत्रणाची दोन उत्तरं सारखी नसतात. होकार पटकन आणि थोडक्यात येतो. नकार उशिरा, आडवळणाने येतो. अभ्यासक पहिल्याला ‘प्रेफर्ड’ आणि दुसऱ्याला ‘डिसप्रेफर्ड’ म्हणतात. इथे मनातल्या आवडीनिवडीचा संबंध नाही. तुम्हाला जायची अजिबात इच्छा नसली, तरी नकार देताना तुम्ही अडखळताच.

नकार कसा दिसतो?

या क्षेत्रात गाजलेला एक अमेरिकन कॉल आहे. एक बाई दुसरीला म्हणते, सकाळी थोडा वेळ आलीस तर कॉफी देईन. दुसरी आधी किंचित हसते, मग “वेल” म्हणते, मग तिच्या चांगुलपणाचं कौतुक करते. त्यानंतर कुठे “आज सकाळी जमेल असं वाटत नाही” येतं. तेही थेट “नाही” नाहीच! शेवटी कारण: पेपरात जाहिरात दिली आहे, म्हणून फोनजवळ थांबावं लागेल.

आपणही हेच करतो. “अं... अरे, भारी प्लॅन आहे, पण शनिवारी घरी पाहुणे आहेत.” यात “नाही” शब्दच नाही, तरी नकार कळतो. आणि त्याची पहिली खूण म्हणजे सुरुवातीची शांतता. ती ऐकली की बोलावणारा स्वतःच मागे येतो: “नाहीतर रविवारी जाऊ?”

आपल्याकडे चहाची गंमत मात्र वेगळी आहे. “चहा टाकू का?” यावर पाहुणा चटकन “नको नको, आत्ताच घेतला” म्हणतो आणि यजमान पुन्हा विचारतो. म्हणजे कुठलं उत्तर पटकन यावं हे प्रसंगावरही ठरतं.

लॅग मध्ये येतो तेव्हा

दहा भाषांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात हो-नाही प्रश्न आणि उत्तर यांच्यात सरासरी साधारण २०० मिलिसेकंदांचं अंतर दिसलं. इंग्रजी फोन कॉलच्या २०१५ मधल्या अभ्यासात, अंतर सुमारे ७०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की होकारापेक्षा नकारासारखी उत्तरं जास्त सापडली.

आता हिशोब करू. नेट खराब आहे आणि आवाज एका बाजूने पोचायला २५० मिलिसेकंद लागतायत. तुमचा प्रश्न २५० नंतर पोचला. मित्राने नेहमीसारखं २०० मध्ये “हो” म्हटलं. ते परत यायला आणखी २५०. म्हणजे तुम्हाला उत्तर ऐकू आलं बरोबर ७०० मिलिसेकंदांनी! मित्राने काहीच उशीर केला नाही, पण तुमच्या कानाला तो कचरतोय असं वाटलं. तुम्ही घाईने “नसेल जमत तर राहू दे” म्हणालात आणि त्याच क्षणी त्याचा “हो” येऊन आदळला. आता त्याला वाटणार, यालाच मला न्यायचं नाहीये.

म्हणूनच आयटीयूची शिफारस आहे की एका बाजूचा उशीर शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा.

ओळखायचं कसं?

लॅग सगळ्याच उत्तरांना सारखा उशीर लावतो. “ऐकू येतंय ना?” या साध्या प्रश्नाचं उत्तरही उशिरा येत असेल, तर दोष नेटचा. खऱ्या नकारात शांततेमागोमाग बहुतेकदा “अं”, “म्हणजे”, कौतुक किंवा कारण येतं. उशिरा आलेला पण स्वच्छ, एका दमातला “हो” हा बहुधा वेळेवरच दिलेला होकार असतो, फक्त वाटेत अडकलेला. त्यामुळे खराब नेटवर आमंत्रण मागे घेण्याआधी अजून एक सेकंद थांबा.