नफा वहीत, चणचण गल्ल्यात

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखानदाराचा हंगाम जूनमध्ये असतो. पण त्याची खरी ओढाताण मे महिन्यात होते. कापड रोखीने आणावे लागते, कारागिरांची मजुरी थांबत नाही आणि दुकानदारांकडे दिलेल्या मालाचे पैसे मात्र सावकाश येतात. ही तूट किती आणि कधी पडणार, हे आधी कळण्यासाठी दर महिन्याचे रोकड अंदाजपत्रक मांडावे लागते.

एका नमुन्याच्या कारखान्याचे आकडे घेऊ. सोयीसाठी जीएसटी बाजूला ठेवू. विक्री फेब्रुवारीत २ लाख, मार्चमध्ये ३, एप्रिलमध्ये ४, मेमध्ये ६, जूनमध्ये १२, जुलैत ५ आणि ऑगस्टमध्ये ३ लाख रुपये.

पहिला प्रश्न उधारीचा. मागच्या वर्षीची बिले आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवले, की बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख यांतले अंतर दिसते. या कारखान्यात २० टक्के रक्कम त्याच महिन्यात, ५० टक्के पुढच्या आणि ३० टक्के त्यानंतरच्या महिन्यात येते, असे धरू. काही रक्कम बुडतच असेल, तर बेरीज शंभरच्या खाली ठेवावी.

आता मे महिन्याची वसुली काढू. मेच्या विक्रीचे २० टक्के म्हणजे १.२ लाख, एप्रिलच्या विक्रीचे ५० टक्के म्हणजे २ लाख आणि मार्चच्या विक्रीचे ३० टक्के म्हणजे ०.९ लाख. एकूण ४.१ लाख. विक्री ६ लाखांची असली, तरी हातात एवढेच.

खर्चाची बाजू सोपी आहे. पुढच्या महिन्याच्या विक्रीच्या निम्म्या किमतीचे कापड आदल्या महिन्यात रोखीने घ्यायचे, मजुरी त्या महिन्याच्या विक्रीच्या २० टक्के, आणि भाडे-वीज वगैरे ५० हजार. म्हणून मेमध्ये जूनसाठीचे कापड ६ लाख, मजुरी १.२ लाख आणि इतर ०.५ लाख, असे ७.७ लाख बाहेर जातात. यंत्रांचा घसारा इथे धरायचा नाही, कारण त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. कर्जाचा हप्ता असेल तर मात्र तो धरायचा.

| महिना | वसुली | खर्च | फरक |
|---|---|---|---|
| एप्रिल | २.९ | ४.३ | −१.४ |
| मे | ४.१ | ७.७ | −३.६ |
| जून | ६.६ | ५.४ | +१.२ |
| जुलै | ८.८ | ३.० | +५.८ |

(आकडे लाख रुपयांत)

१ एप्रिलला हातात २ लाख आहेत आणि अडीअडचणीला किमान ५० हजार कायम ठेवायचे आहेत. एप्रिलअखेर ६० हजार उरतात, म्हणजे निभावते. मेअखेर मात्र ३ लाखांची तूट. त्यात किमान शिलकीचे ५० हजार मिळवले, की कर्जाची गरज ३.५ लाख ठरते. गंमत म्हणजे मेमधल्या विक्रीवर, तिचे कापड, मजुरी आणि भाडे वजा करून, १.३ लाख नफा आहे!

हे कर्ज मेअखेर वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का दराने घेतले, तर जूनमध्ये ३,५०० रुपये व्याज जाते. जूनच्या १.२ लाखांतून ते वजा केल्यावर १,१६,५०० रुपये मुद्दल फिटते आणि २,३३,५०० उरतात. तेही जुलैच्या वसुलीतून व्याजासह सहज फिटतात. दोन महिन्यांत सुटणारी ही अडचण आहे. तीन वर्षांच्या हप्त्याचे कर्ज तिच्यासाठी घेणे चूक. इथे कॅश क्रेडिट खाते योग्य, कारण त्यात जेवढी रक्कम वापरली तेवढ्यावर, तेवढ्याच दिवसांचे व्याज लागते.

पण ३.५ लाखांची मर्यादा मागून बँकेतून बाहेर पडू नका. हा आकडा महिनाअखेरचा आहे. कापडवाल्याला ६ लाख मेच्या पहिल्याच आठवड्यात द्यायचे आणि वसुली पंधरा तारखेनंतर सुरू होणार, असे असेल तर त्या आठवड्यात ६० हजारांतून ६ लाख जातील. खड्डा ५.४ लाखांचा, आणि किमान शिलकीसह गरज ५.९ लाखांची. म्हणून ज्या महिन्यात तूट आहे, त्याचे आठवडावार तुकडे पाडावेत.

उधारी लांबली तर काय, तेही तपासावे. पुढच्या महिन्यात ५० ऐवजी ३० टक्केच आले आणि उरलेले ५० टक्के त्यानंतर आले, तर एप्रिल आणि मे दोन्हीत २० हजारांनी वसुली घटते. मेअखेरची गरज ३.९ लाखांवर जाते, आणि एप्रिलअखेरही १० हजार कमी पडतात.

बँकेकडे हा तक्ता मार्चमध्येच न्या. मेमध्ये कापडवाला दारात उभा असताना मर्यादा मंजूर होण्याची वाट पाहता येत नाही.