भाव चढतो, पत उतरते

शाखा व्यवस्थापकाने अभिमानाने सांगावे, ‘साहेब, यंदा ठेवी १२ टक्क्यांनी वाढल्या,’ आणि साहेबांनी शांतपणे विचारावे, ‘आणि सगळ्या बँकेच्या किती वाढल्या?’ बँकेच्या १८ टक्क्यांनी वाढल्या असतील, तर शाखेची ती वाढ म्हणजे पीछेहाटच. बँकेच्या नोकरीत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला. आता घरातली मुले मोबाइलवर गेमिंगची आणि एआयची टोकन्स दाखवतात, ‘काका, भाव दुप्पट झाला’ म्हणतात, तेव्हा मीही विचारतो, ‘आणि बिटकॉइनचा?’

टोकन हे बिटकॉइनसारखेच, पण एखाद्या विशिष्ट प्रकल्पाचे डिजिटल नाणे. प्रकल्प खेळांचा असेल तर ते गेमिंगच्या गटात, कृत्रिम बुद्धिमत्तेचा असेल तर एआयच्या. शेअर बाजारात जसा पैसा एका उद्योगातून दुसऱ्यात सरकतो, तसाच तो या गटांतूनही फिरतो. पण बिटकॉइन चढले की बहुतेक सगळीच टोकन्स चढतात. भरती आली की सगळ्याच होड्या वर येतात. मग स्वतःच्या वल्ह्यांनी पुढे गेली कोण, हे कसे कळावे?

उपाय साध्या भागाकाराचा आहे. टोकनच्या भावाला बिटकॉइनच्या भावाने भागायचे आणि येणाऱ्या आकड्याची रेषा काढायची. हा सापेक्ष ताकदीचा आलेख. आलेखाच्या संकेतस्थळावर `BINANCE:SANDUSDT/BINANCE:BTCUSDT` असे लिहिले की तो तयार मिळतो. रेषा वर गेली तर टोकन बिटकॉइनच्या पुढे धावते आहे, खाली आली तर मागे पडते आहे. ‘आरएसआय’ नावाचा निर्देशांक मात्र वेगळा. तो टोकनची तुलना त्याच्याच मागच्या भावांशी करतो.

सँडबॉक्स या खेळाचे उदाहरण घेऊ. यात पडद्यावरची जमीन विकत घेता येते आणि त्याच्या टोकनचे नाव सँड. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीने ‘मेटा’ हे नाव घेतले. तेव्हा सुमारे ८० सेंटचा सँड २५ नोव्हेंबरला ८ डॉलरच्या वर गेला. बिटकॉइन मात्र दोन्ही वेळी ६० हजार डॉलरच्या आसपासच होते. म्हणजे सापेक्ष रेषाही दसपट चढली. फेसबुकच्या नामांतराने सँडबॉक्सच्या खेळात काहीच बदलले नव्हते; ‘मेटाव्हर्स’ हा शब्द तेवढा दोघांत समान होता.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि वारा फिरला. जानेवारी २०२३ च्या आरंभी बिटकॉइन साधारण १६,६०० डॉलर, सँड ३८ सेंट आणि एआय गटातले फेट ९ सेंट होते. मार्च २०२४ च्या अखेरीस बिटकॉइन ७० हजारांवर, सँड ६५-७० सेंटवर आणि फेट ३ डॉलरच्या वर होते. सँड बाळगणाऱ्याला वाटले, पैसे पावणेदोन पट झाले. पण बिटकॉइन चौपटीहून अधिक वाढले होते. म्हणजे सँडची सापेक्ष रेषा निम्म्याहूनही खाली आली होती. फेटची आठपट चढली होती. पैसा गेमिंग सोडून एआयकडे गेल्याची खूण खात्यातल्या नफ्यात दिसत नव्हती, भागाकारात दिसत होती.

तरी एका टोकनवरून गटाचा निष्कर्ष काढू नये. गटातली चार-पाच टोकन्स घ्यावीत, त्यांच्या रेषा आठवड्याच्या शेवटच्या भावावर पाहाव्यात. बहुतेक एकत्र चढत असतील तर गटाकडे पैसा येतो आहे. एकच उसळत असेल आणि उलाढाल तुटपुंजी असेल, तर चार खरेदीदारांनी भाव चढवला असण्याची शक्यता अधिक.

मर्यादाही मोठ्या आहेत. बिटकॉइन २० टक्के पडले आणि टोकन १५ टक्के, तर रेषा चढते, पण पैसे बुडालेलेच असतात. शिवाय रेषा झालेले सांगते, होणारे नाही. तेच फेट पुढच्या वर्षभरात ५० सेंटच्या आसपास आले.

आपल्याकडे आणखी एक अडथळा आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, सँडमध्ये एक लाख गेले आणि फेटमध्ये एक लाख मिळाले. हाती शून्य, पण कर ३० हजार; उपकर वेगळा. एक टोकन देऊन दुसरे घेणे हीसुद्धा विक्रीच धरली जाते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे प्रत्येक विक्रीवर एक टक्का कापला जातो. गटागटांतून उड्या मारण्याचा बेत मुलाने सांगितला, तर आलेख पाहण्याआधी हा हिशेब त्याच्याकडून कागदावर मांडून घ्यावा.